काटा क्रशरवर लावा: खडी-वाळू वाहतूकदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
(मा. जिल्हाधिकारी आणि मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी यांच्यामार्फत)

विषय: खडी व क्रश सँड वाहणाऱ्या गाड्यांचे जादा वजन, त्यावरील दंडाची रचना आणि वजनाची जबाबदारी याबाबत.

महोदय,

आमची संघटना दहा टायरी ट्रक-टिपर चालवणाऱ्या मालक-चालकांची आहे. बहुतेकांची एकच गाडी, तीही हप्त्यावर. क्रशरवरून खडी आणि क्रश सँड भरायची आणि रेडीमिक्स प्लँटवर किंवा बांधकामावर ओतायची, एवढाच आमचा धंदा. वाहतूकदारांची संघटना ओव्हरलोडवर बोलायला आली की दंड कमी करा म्हणणार, असा साधारण अनुभव असतो. या पत्रात एका ठिकाणी आम्ही दंड कमी करा म्हणतो आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी वाढवा म्हणतो आहोत. दोन्हींमागचा हिशेब सोबत मांडला आहे.

आमचे काही सभासद ओव्हरलोड चालवतात, हे आधीच सांगून टाकतो. प्लँटच्या फाटकावरच्या काट्यावर ते रोज दिसतेच, मग लपवून काय उपयोग?

एका गाडीचा हिशेब

आरसी बुकावर २८ टन पासिंग असलेली गाडी घेऊ. २०१८ सालच्या जुलैमध्ये केंद्राने धुऱ्यांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून पुढच्या धुऱ्यावर ७ टन आणि मागच्या जोडधुऱ्यावर, म्हणजे आठ टायरांवर, २१ टन असे हे २८ होतात. हौद, फाळका, स्टेपनी, डिझेल आणि ड्रायव्हर धरून रिकामी गाडी साडेनऊ टन भरते. म्हणजे कायद्याने माल बसतो साडेअठरा टन. खडीच्या भाषेत जेमतेम चार ब्रास.

हीच गाडी सहा ब्रास भरून निघते तेव्हा माल साडेसव्वीस टन आणि एकूण वजन ३६ टन होते. पासिंगच्या वर ८ टन.

फेरी जाऊन-येऊन १२० किलोमीटरची आणि महिन्याला ५० फेऱ्या धरू. खालचे आकडे हिशेबासाठी गोल केलेले आहेत. कोणीही आपल्या वहीतले टाकून पाहावेत, निष्कर्ष फारसा हलणार नाही.

पासिंगमध्ये भरलेल्या गाडीचे डिझेल साडेतीनच्या अॅव्हरेजने आणि ९० रुपये लिटरने ३,०८५ रुपयांचे होते. दहा टायरांचा संच २ लाख २० हजारांचा. तो ५५ हजार किलोमीटर चालला तर फेरीला ४८० रुपये पडतात. हप्ता, विमा, कर, ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून महिन्याचे १ लाख २० हजार, म्हणजे फेरीला २,४००. दुरुस्तीचे ४०० धरले की फेरी पडते ६,३६५ रुपयांना. साडेअठरा टनांनी भागले की टनाला ३४४ रुपये.

आता सहा ब्रासची फेरी. अॅव्हरेज तीनवर येतो, डिझेल ३,६०० चे. टायरांचा तोच संच ३० हजार किलोमीटरला उतरवावा लागतो, म्हणजे फेरीला ८८०. पाटे, ब्रेक लायनर, क्लच आणि हबचे बेअरिंग यांची दुरुस्ती दुप्पट, ८००. महिन्याचा खर्च मात्र तोच, २,४००. बेरीज ७,६८० आणि टनाला २९० रुपये.

टायर निम्म्या आयुष्यात संपले, दुरुस्ती दुप्पट झाली, तरी टन ५४ रुपयांनी स्वस्त पडला! ओव्हरलोड करणारा अडाणी आहे, त्याला आपलेच नुकसान कळत नाही, असे प्रत्येक प्रबोधन शिबिरात ऐकवले जाते. त्याला सगळे कळते. हप्ता आणि पगार दोन्ही फेऱ्यांना सारखेच असल्यामुळे ते जास्त टनांवर वाटले जातात आणि टायरांचे नुकसान भरून निघते.

आता यात दंड धरू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली, १ सप्टेंबर २०१९ पासून, जादा वजनाला सरसकट २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. ८ टनांना ३६,००० होतात. महिन्यात एकदा गाडी सापडली तर फेरीला ७२० रुपये चढतात आणि टन ३१७ ला जातो. दोनदा सापडली तर टन ३४४ ला येऊन बसतो, म्हणजे बरोबर पासिंगवाल्याच्या जागी. थोडक्यात, ५० फेऱ्यांत दोनपेक्षा कमी वेळा सापडणाऱ्याला ओव्हरलोड परवडते. एवढ्या वेळा सापडणारा सभासद आमच्या पाहण्यात नाही.

हे ५४ रुपये जातात कुठे

आमच्या खिशात राहत नाहीत. सहा ब्रासवाला २९० ला टन आणू शकतो म्हटल्यावर प्लँटवाला भाडे ३०० वर आणतो. त्या भावात पासिंगमध्ये चालणाऱ्याला टनामागे ४४ रुपये, म्हणजे फेरीला सुमारे ८१४ रुपये तोटा. तो एक तर गाडी विकतो, नाही तर फाळक्यावर फळ्या चढवून सहा ब्रास भरायला लागतो. सहा ब्रासवाल्याला टनामागे १० रुपये सुटतात: फेरीला २६५, महिन्याला १३,२५०. त्यात एकदा ३६,००० चे चलन आले की पावणेतीन महिन्यांची कमाई गेली.

स्वस्त टनाचा फायदा अशा रीतीने माल घेणाऱ्याला मिळतो आणि दंड, टायर व अपघाताचा धोका गाडीवाल्याकडे राहतो. पुढच्या सगळ्या मागण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

२०१८ मध्ये पासिंग वाढले तेव्हाही हेच घडले. गाडीमागे तीन टन वाढले म्हणून आम्ही पेढे वाटले आणि काही महिन्यांत भाडे टनामागे खाली आले. म्हणून मर्यादा आणखी वाढवा, अशी मागणी आम्ही करत नाही. वाढलेली मर्यादा भाव पाडून संपते आणि टायरांवरचे ओझे तेवढे कायम राहते.

टायर आणि रस्ता

टायरचा मुद्दा जरा जवळून पाहू, कारण खर्चाच्या हिशेबात तो फेरीला ४०० रुपयांचा फरक एवढाच दिसतो.

टायरच्या भिंतीवर भारांक कोरलेला असतो. १५२/१४८ असा असेल तर एकेरी टायरला ३,५५० किलो आणि जोडीत लावलेल्या प्रत्येक टायरला ३,१५० किलो, तेही कंपनीने सांगितलेली पुरी हवा असताना. २१ टन आठ टायरांवर वाटले तर प्रत्येकावर २,६२५ किलो येतात. हाताशी ५२५ किलोंची सवड राहते. ३६ टनांच्या गाडीत पुढच्या धुऱ्यावर फार तर अर्धा टन वाढतो, बाकी सगळे मागे जाते. मागे साडेअठ्ठावीस टन, म्हणजे टायरला ३,५६० किलो. सवड तर गेलीच, वर चारशे किलो जादा.

त्यातून जोडीतला आतला टायर हवेत कमी असतो. त्याचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून क्लीनर तो तपासत नाही. हवा गेली की त्याचे वजन शेजारचा उचलतो आणि त्या एका टायरवर सात टनांच्या वर भार येतो. भिंत दर फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, रबर आतून तापते आणि बीडच्या वर थर सुटू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही खांदे झिजलेले आणि मधली नक्षी शिल्लक, एवढेच दिसते. रिमोल्डवाला मात्र केसिंग उलटे करून हात फिरवतो आणि परत देतो: यावर रबर चढणार नाही. टायरचे दुसरे आयुष्य तिथेच संपते. हा तोटा आम्ही वरच्या हिशेबात धरलेलाही नाही.

रस्त्याचे गणित याहून कडक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक फिरवून मोजमापे घेतली गेली. धुऱ्यावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हा नियम त्यातून आला. आपल्याकडे डांबरी रस्त्यांची जाडी ठरवतानाही धुऱ्यांचे भार याच पद्धतीने प्रमाणित धुऱ्यात बदलून मोजतात. २१ टनांऐवजी साडेअठ्ठावीस टन म्हणजे भार १.३६ पट आणि झीज सुमारे ३.४ पट. १,८५० टन खडी पोचवायला पासिंगच्या १०० फेऱ्या लागतात आणि ओव्हरलोडच्या ७०. फेऱ्या तीस वाचल्या, पण मागच्या धुऱ्यांनी रस्त्याची केलेली झीज १०० वरून जवळपास २४० वर गेली. तो रस्ता पुन्हा करायला खडी आमच्याच गाड्यांतून जाते. त्यात आमचा फायदा आहे असे कोणी म्हणेल, पण खड्ड्यात पाटा तुटलेल्या गाडीच्या मालकाला ते सांगून पाहावे.

पहिली मागणी: परवाना किलोत द्या आणि काटा भरण्याच्या जागी लावा

गौण खनिजाचा वाहतूक परवाना ब्रासमध्ये निघतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे माप जागेचे आहे. कायदा बोलतो किलोत. दोहोंमध्ये मालाचा जात-प्रकार आणि ओल बसलेली असते.

२० मिलिमीटरची कोरडी खडी ब्रासला सव्वाचार टनांच्या आसपास भरते. चार ब्रास म्हणजे १७ टन, पासिंगच्या आत दीड टन. त्याच गाडीत, हौदातल्या त्याच रेघेपर्यंत, धुऊन निथळत असलेली क्रश सँड भरली तर ब्रासला पावणेपाच टनांच्या वर जाते. चार ब्रासला १९ टन, म्हणजे अर्धा टन जादा. परवाना दोन्ही वेळा चार ब्रासचाच असतो. बरे, ओली वाळू नेहमीच जड, असेही नाही. थोड्या ओलीने वाळू फुगते, दाणे एकमेकांपासून लांब राहतात आणि ब्रास हलका भरतो. पुरती भिजली की परत बसते. काळोखात लोडरच्या बकेटी मोजणाऱ्या ड्रायव्हरला हे डोळ्यांनी कळणे शक्य नाही.

म्हणून परवान्यावर ब्रासबरोबर किलो यावेत. क्रशरच्या फाटकावर वैधमापन विभागाने पडताळलेला काटा सक्तीचा करावा, काट्याचा आकडा हाताने न भरता थेट परवान्याच्या प्रणालीत जावा आणि तो गाडीच्या ‘वाहन’ नोंदीतल्या पासिंगपेक्षा जास्त असेल तर परवाना निघूच नये. लोडर तिथेच उभा असतो. दोन बकेटी काढायला पाच मिनिटे लागतात. हेच काम ४० किलोमीटर पुढे, महामार्गाच्या कडेला करायचे तर निम्मा दिवस जातो.

वजन धुऱ्यानुसारही घ्यावे. घाईत माल फाळक्याकडे ओतला की एकूण २७ टन ८०० किलो असूनही मागच्या धुऱ्यांवर २२ टनांच्या वर जाते. काट्याच्या फळीवर आधी पुढची चाके आणि मग पूर्ण गाडी घेतली की फरक समोर येतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.

दुसरी मागणी: भरणारा आणि घेणाराही जबाबदार

कलम १९४ फक्त चालवणाऱ्यापुरते नाही. जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्यात येतो. प्रत्यक्षात चलन गाडीच्या नंबरावर निघते आणि तिथेच थांबते.

रेडीमिक्स प्लँट आत येणारी प्रत्येक गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलतो, कारण त्याला पैसे त्यावर द्यायचे असतात. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि वजन यांचा पुरावा त्याच्या संगणकात रोज साठतो. रस्त्यावर भरारी पथक उभे करून शंभरातली एक गाडी पकडण्यापेक्षा ही नोंद मागवणे सोपे आहे. ३६ टनांची गाडी महिनाभर रोज आत घेणाऱ्याने वजन माहीत नव्हते असे म्हणणे टिकणार नाही. पासिंगपेक्षा जास्त वजनाची पावती फाडणाऱ्या क्रशरला आणि असा माल उतरवून घेणाऱ्या प्लँटला गाडीमालकाइतकाच दंड स्वतंत्रपणे लावावा. सरकारी कामांच्या निविदेत पासिंगमधल्या काटापावतीशिवाय खडीचे बिल मंजूर होणार नाही, अशी अट घालावी. नुसत्या या अटीने भाडे ३४० च्या पुढे सरकेल, असा आमचा अंदाज आहे.

तिसरी मागणी: दंडाची चढण उलटी आहे, ती सरळ करा

वरच्या उदाहरणात ओल्या क्रश सँडमुळे अर्धा टन जादा झाला. त्या अर्ध्या टनाचे भाडे १५० रुपये आणि दंड किमान २०,०००. एक टन जादा असेल तर टनामागे दंड २२,०००. ८ टन जादा असेल तर टनामागे साडेचार हजार. १० टनांना चार हजार. गुन्हा जितका मोठा, तितका टनाचा दंड स्वस्त. भरारी पथक दिसल्यावर आमच्यात जे बोलले जाते तेच इथे लिहितो: वीस हजार लागणारच आहेत तर पुरती भरूनच घे.

मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २८ टनांच्या गाडीला १,४०० किलोपर्यंत, सरसकट २०,००० लावू नयेत. जादा माल उतरवून घ्यावा आणि टनाला २,००० प्रमाणे दंड घ्यावा. एका काट्यापासून दुसऱ्या काट्यापर्यंत दोन-तीनशे किलोंचा फरक आम्ही नेहमी पाहतो. तेवढ्यावर कोणाचा महिना बुडू नये. त्यापुढे ४ टनांपर्यंत आजचा दर राहू द्यावा. ४ टनांच्या वर मात्र प्रत्येक टनाला १०,००० लावावेत. आमच्या ८ टनवाल्या गाडीला मग ६८,००० होतील आणि महिन्यात एकदा सापडली तरी तिचा टन ३४१ ला जाऊन पासिंगवाल्याला टेकेल.

कलम १९४ केंद्राचे आहे आणि दंडाची ही रचना बदलणे राज्याच्या हातात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. राज्याने तशी शिफारस केंद्राकडे लेखी पाठवावी, एवढीच मागणी. या मुद्द्यावर आमच्या सभेत एकमत झाले नाही, हेही नोंदवतो. ६८,००० च्या आकड्यावर काहींनी हात वर केले नाहीत. ठराव बहुमताने झाला.

चौथी मागणी: दंड घेतला तर माल उतरवा

हे नवीन काही नाही. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असे कायद्यात आहे. काही राज्ये पैसे घेऊन ओव्हरलोड गाड्यांना कार्ड किंवा टोकन देत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात ते बेकायदा ठरवले आणि माल उतरवणे बंधनकारक असल्याचे सांगितले. तरी चलन फाडून तीच गाडी तशीच पुढे गेल्याचे आम्ही पाहतो. दंड भरून भार तसाच नेता आला तर तो दंड राहत नाही, रस्त्याचे भाडे होते.

उतरवायचा तर कुठे, हा प्रश्न खरा आहे. महामार्गाच्या कडेला दोन ब्रासचा ढीग घातला तर रात्री दुचाकीवाला त्यात जाईल. प्रत्येक तालुक्यात वजनकाट्याला लागून अर्धा एकर मोकळी जागा आणि एक लोडर हवा. उतरवलेला माल तीन दिवसांत मालकाने दुसऱ्या गाडीने न्यावा, नाही तर तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जमा व्हावा. उतरवणीचा खर्च कायद्याने आमच्यावर आहेच, तो आम्ही देऊ. एकदा उतरवून नव्याने काटा झाला की त्या पावतीवर पुढच्या जिल्ह्यात त्याच फेरीसाठी दुसरे चलन होऊ नये.

संघटनेच्या बाजूने: फाळक्यावर फळ्या किंवा पत्रे चढवून हौद उंच केलेल्या गाड्यांच्या मालकांना ते काढायला दोन महिन्यांची मुदत दिली आहे. त्यानंतर अशा गाडीवर कारवाई झाली तर संघटना त्या सभासदाच्या बाजूने कार्यालयात येणार नाही.

या मागण्यांवर आपल्या दालनात बैठक लावावी. बैठकीला खनिकर्म अधिकारी, वैधमापन विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि क्रशर व रेडीमिक्स प्लँटचालकांचे प्रतिनिधी हजर असावेत. त्यांच्याशिवाय झालेल्या बैठकीतून पुन्हा आमच्याच नावाचे परिपत्रक निघेल. पहिली मागणी एका तालुक्यातल्या क्रशरवर पावसाळा संपताच सुरू करून पाहता येईल, कारण कामे तेव्हाच वेग घेतात. बैठकीला येताना आम्ही सभासदांच्या गेल्या तीन महिन्यांच्या काटापावत्या आणतो आहोत. पासिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही.

आपले विश्वासू,

अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य
ट्रक-टिपर मालक-चालक संघटना

प्रत माहितीसाठी: जिल्हा खनिकर्म अधिकारी, सहायक नियंत्रक, वैधमापन, कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग.